नवरीचा मेकअप आणि गिऱ्हाईक पाठवणारी माणसे

चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातून मागच्या लग्नसराईनंतर आम्हाला एका भगिनीचे पत्र आले. वय सत्तावीस, पदरात दोन वर्षांची लेक, नवरा चिखलीत एका दुकानात कामाला. बुलढाण्याला सहा महिने पार्लरचा क्लास करून ती दोन वर्षांपासून नवरीचा मेकअप करते. स्वतःचे पार्लर नाही. पेटी उचलायची आणि नवरीच्या घरी जायचे, असा तिचा धंदा आहे. गेल्या सराईत तिला नऊ लग्ने मिळाली, आणि नऊच्या नऊ नात्यागोत्यातली. कुणी मावसबहीण, कुणी नणंदेची जाऊ. काम नात्यातले म्हटल्यावर पैसेही नात्यातलेच मिळाले.

म्हणून तिने एका इव्हेंटवाल्याकडे नाव दिले. त्याने दोन लग्ने दिली आणि प्रत्येकी साडेचार हजार कबूल केले. नऊ हजारांपैकी तीन हजार हातात आले, सहा हजार त्याच्याकडेच राहिले. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, "फोटोवाले, मंडपवाले, बुटीकवाल्या यांच्याकडे काम मागायला जावे की जाऊ नये? गेले तर काय बोलावे?"

आम्ही तिला भेटून आलो. तिची हिशेबाची वही पाहिली, दोन फोटोवाल्यांशी आणि ब्लाऊज शिवणाऱ्या एका बुटीकवाल्या ताईशी बोललो. त्यातून जे कळले ते या वेळच्या सदरात मांडतो, कारण आपल्या वस्त्यांतून अशी पेटी घेऊन फिरणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत.

नात्याची वाट कुठे संपते

नात्यातून येणारे काम वाईट नाही, पण त्याला कुंपण आहे. आपले नातेवाईक आपल्याच लग्नांना जातात. फोटोवाल्याचा कॅमेरा मात्र सगळ्यांच्या मांडवात जातो. आज तो माळ्याच्या लग्नात, उद्या मराठ्याच्या, परवा मुसलमानाच्या आणि रविवारी आपल्या विहारात. मेकअप करणाऱ्या मुलीचे नाव त्याच्या तोंडी बसले, तर आडनाव विचारले जाण्याआधी तिचे काम लोकांच्या डोळ्यांपुढे जाते. गावात आडनावावरून वस्ती ओळखली जाते आणि वस्तीवरून काम द्यायचे की नाही हे ठरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

काम कोण कुणाला मिळू देतो यावर हा धंदा चालतो, याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईच्या सिनेमाधंद्यात आहे. तिथल्या मेकअपवाल्यांच्या संघटनेने कित्येक दशके बायकांना मेकअप करण्याचे कार्डच दिले नाही. बाईने केस करावेत, चेहऱ्याला ब्रश पुरुषानेच लावावा, असा त्यांचा नियम. कार्ड नाही म्हणून काम नाही. चारू खुराना या मेकअप कलाकार बाईंनी याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव संविधानाविरुद्ध ठरवला. त्या बाईंच्या हातात कसब आधीपासूनच होते. अडले होते ते दारावर. आपल्या तालुक्याच्या गावाला अशी संघटना नाही आणि कार्डही नाही. तिथे दार म्हणजे फोटोवाला, बुटीकवाली आणि इव्हेंटवाला. म्हणून त्यांच्याकडे जरूर जावे. पण रिकाम्या हाताने आणि कमिशनची भाषा करीत जाऊ नये.

आपल्याकडे द्यायला काय आहे?

आमच्या या भगिनीला वाटत होते की कुणी काम पाठवावे तर त्याला पैसेच द्यावे लागतात. आम्ही तिला विचारले, "लग्न नसते त्या दिवशी फोटोवाला काय करतो?" ती म्हणाली, "दुकानात बसून असतो." आम्ही म्हटले, "मग त्या दिवशीचे काम त्याला दे."

हे जरा उलगडून सांगतो. हिंदू लग्ने मुहूर्तावर होतात. मुहूर्ताच्या दिवशी एकाच तालुक्यात पंचवीस-तीस मांडव पडतात, आणि फोटोवाल्याला एकाच वेळी दोन ठिकाणची बोलावणी येतात. पुढचे चार दिवस मुहूर्त नसला की तोच माणूस माशा मारतो. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने बंद, आणि अधिक महिना आला की तोही बंद. २०२६ सालचा अधिक महिना तर ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळी सराईत.

आपल्यात मुहूर्त पाहण्याची रीत नाही. कुणी गुपचूप पंचांग उघडत असेल तर ती गोष्ट वेगळी. आपली मंगल परिणयाची तारीख ठरते ती हॉल कधी मोकळा आहे, पाहुण्यांना सुट्टी कधी आहे आणि बौद्धाचार्यांना वेळ कधी आहे यावर. म्हणजे फोटोवाल्याच्या रिकाम्या दिवशी आपल्याकडे लग्न असू शकते. आणि नवरीचा मेकअप करणारी मुलगी बऱ्याचदा फोटोवाला ठरण्याआधीच घरात पोहोचलेली असते, कारण मुलीची मावशी तिला महिनाभर आधी विचारून ठेवते.

म्हणून बोलणी अशी सुरू करावी: "भाऊ, आमच्या समाजाची लग्ने मुहूर्ताची नसतात. बिनमुहूर्ताच्या रविवारी तुम्ही मोकळे असाल तर मी तुमचे नाव सांगते. तुमच्या मुहूर्ताच्या लग्नात कुणी मेकअपवाली विचारली तर तुम्ही माझे नाव सांगा." यात कुणी कुणाला पैसे देत नाही. कामाच्या बदल्यात काम, एवढाच हा व्यवहार, आणि फोटोवाल्याला तो लगेच समजतो.

आमच्यासमोरच एका फोटोवाल्याने तिला विचारले, "पण त्यात मले काय भेटन, ताई?" तिने मुहूर्त नसलेल्या दोन रविवारांची आपली ठरलेली लग्ने सांगितली. त्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. दोन्ही दिवस कोरे होते. मग त्याने खुर्ची पुढे केली.

फोटोवाल्याकडे कधी आणि कसे जावे

सराईत जाऊ नये. त्या दिवसांत त्याला बोलायला वेळ नसतो आणि आपले नाव त्याच्या ध्यानातही राहत नाही. पावसाळ्यात जावे, सकाळी अकराच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना. बरोबर आपल्या कामाचे दहा-बारा फोटो न्यावेत, मोठ्या आकारात काढून घेतलेले. मोबाइलमधले फोटो सजवलेले असतात हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असते. त्यातले दोन-तीन तरी सावळ्या रंगाच्या नवऱ्यांचे आणि पांढऱ्या साडीतले असावेत. त्याच्या दुकानात लावलेले फोटो आधी नीट पाहावेत आणि त्याला एक प्रश्न विचारावा: "मेकअपमुळे तुमचा फोटो कधी बिघडतो?"

या प्रश्नावर तो माणूस अर्धा तास बोलतो. दोन्ही फोटोवाल्यांनी आम्हाला तीच तक्रार सांगितली. फ्लॅश पडला की नवरीचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा दिसतो, आणि मान व हात वेगळ्याच रंगाचे दिसतात. असे का होते ते मेकअप करणारीला माहीत असलेच पाहिजे. उन्हापासून बचाव करणारे म्हणून जे फाउंडेशन विकतात, त्यात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असते. ते उजेड परत फेकते. 'एचडी' म्हणून मिळणारी बारीक पांढरी पावडर बहुधा सिलिकाची असते. ती जास्त लागली तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे चट्टे उमटतात. आरशात मेकअप सुरेख दिसतो आणि अल्बम आल्यावर रडू येते, ते यामुळे.

यावर उपाय सोपा आहे. मेकअप झाल्यावर दहा मिनिटे थांबावे. नवरीला घरातल्या अंधाऱ्या खोलीत न्यावे आणि चार-पाच फुटांवरून मोबाइलचा फ्लॅश लावून एक समोरून व एक बाजूने असे दोन फोटो काढावेत. चेहरा मानेपेक्षा उजळ आला तर मोठ्या कोरड्या ब्रशने पावडर झाडावी. तरी राहिला तर ओला स्पंज घट्ट पिळून हलकेच दाबावा. फाउंडेशनचा रंग मनगटावर पाहू नये. जबड्याच्या कडेला लावून दारात, दिवसाच्या उजेडात पाहावा.

आपल्या लग्नातली पांढरी साडी हा फोटोवाल्याचा दुसरा पेच आहे. कॅमेरा साडीला जुळवला तर चेहरा काळवंडतो, चेहऱ्याला जुळवला तर साडीच्या निऱ्या नाहीशा होऊन नुसता पांढरा पट्टा दिसतो. यावर कित्येक मेकअपवाल्या नवरीला दोन छटा गोरी करून मोकळ्या होतात. तसे करू नये. मुलगी सावळी आहे आणि सावळीच सुंदर दिसली पाहिजे, ही झाली आपली भूमिका. पण धंद्याच्या हिशेबानेही ते चुकीचे आहे, कारण गोरा चेहरा आणि सावळे हात एका फोटोत येतात तेव्हा दोष मेकअपवालीच्याच माथी येतो. चेहरा, कान, मान आणि ब्लाऊजच्या गळ्यातून दिसणारी पाठ एकाच रंगात घ्यावी, कपाळ व नाकावरची चमक मारावी, आणि नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवा असे फोटोवाल्याला सुचवावे. साडी अगदी शुभ्र न घेता किंचित मोतिया घेतली तर दोघांचेही काम हलके होते. हे घरच्यांना खरेदीच्या आधीच सांगावे.

हे बोलणे झाल्यावर एकदा दोघांनी मिळून सरावाचे फोटो काढावेत. ओळखीतल्या एखाद्या मुलीला बसवावे, मेकअप आपला, कॅमेरा त्याचा, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. मात्र आधी ठरवावे: एकच दिवस, सहा फोटो, दोघांनाही वापरायची मुभा, आणि फोटोखाली दोघांची नावे. ज्या मुलीचा चेहरा वापरायचा तिला आणि तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय एकही फोटो दुकानात किंवा मोबाइलवर लावायचा नाही. पुढे खऱ्या नवऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. आपल्या मुलीचा फोटो न विचारता दुकानावर लागला म्हणून झालेली भांडणे आम्ही पाहिली आहेत.

बुटीकवाल्या ताईंचे गणित

बुटीकवालीकडे नवरी सगळ्यात आधी जाते. ब्लाऊजचे माप लग्नाआधी तीन-चार आठवडे द्यावे लागते, आणि त्याच वेळी आई विचारते, "मेकअपला कुणी चांगली आहे का हो?" त्या क्षणी आपले नाव निघावे म्हणून आपण काय द्यावे?

आम्ही ज्या ताईंशी बोललो त्यांनी दोन दुखणी सांगितली. एक, ब्लाऊज शेवटच्या दिवशी घालून पाहतात, तो बसत नाही, आणि बोल बुटीकवालीला लागतात. दोन, भाड्याने दिलेला घागरा किंवा शालू गळ्याशी फाउंडेशन लागून परत येतो. डाग निघाला नाही तर नुकसान कुणी भरायचे, यावर नवरीच्या आईशी वाद होतो आणि ते घर कायमचे तुटते.

ही दोन्ही दुखणी मेकअपवालीच्या हातात आहेत. सरावाचा मेकअप लग्नाआधी आठ-दहा दिवस ठेवावा आणि त्या दिवशी नवरीला शिवून आलेला ब्लाऊज व परकर घालूनच बसायला सांगावे. हूक ओढला जातो का, गळा किती मोठा आहे, साडीला फॉल-पिको झाला आहे का, हे सगळे त्याच दिवशी कळते. ताईंना दुरुस्तीला आठवडा मिळतो. लग्नाच्या दिवशी ब्लाऊज व परकर घालून, गळ्याच्या कडेला टिश्यू खोचून, वरून जुना सुती टॉवेल गुंडाळून मेकअप करावा आणि साडी सगळ्यात शेवटी नेसवावी. मानेवर लावलेले पक्के बसू द्यावे. कोरडा टिश्यू दाबून पाहिला आणि त्यावर रंग आला नाही, तरच पांढरी साडी जवळ आणावी. डोक्यातून घालायचा कपडा असेल तर तो मेकअपच्या आधी चढवावा.

डागाचा प्रश्न तोंडी न ठेवता आधीच मिटवावा. मेकअप चालू असताना लागलेला डाग मेकअपवालीचा, धुलाईचा खर्च तिने द्यायचा. नवरी पेटीतून उठल्यावर, म्हणजे जेवणात, नाचात, गळाभेटीत लागलेला डाग गिऱ्हाइकाचा. तयार झालेल्या नवरीचा गळ्याजवळचा एक फोटो काढून ठेवला की कुठला डाग कधीचा हे भांडणाशिवाय कळते. आमच्या भगिनीने एवढे बोलून दाखवले तेव्हा त्या ताई म्हणाल्या, "आजपर्यंत मेकअपवाल्या माझ्याकडे कार्ड ठेवायला आल्या. माझ्या घागऱ्याची काळजी कुणी केली नव्हती."

इव्हेंटवाला, कमिशन आणि नवरीच्या बापाचा खिसा

आता तिसरा. आपल्याकडे तो कधी मंडप-डेकोरेशनवाला असतो, कधी लॉनचा व्यवस्थापक, तर कधी स्वतःला इव्हेंट मॅनेजर म्हणवणारा तरुण. तो मंडप, फुले, डीजे, फोटो, मेकअप असे सगळे एकगठ्ठा ठरवतो. इथे कामाच्या बदल्यात काम चालत नाही. तो पैसेच मागतो. म्हणून हिशेब डोळ्यांसमोर ठेवून बोलावे.

आमच्या भगिनीची वही घेऊन आम्ही एक लग्न मांडले. नवरीच्या मेकअपचे, केसांचे आणि साडी नेसवण्याचे तिचे सहा हजार रुपये. त्यात माल, पापण्या, पिना, गजरा मिळून नऊशे. मदतीच्या मुलीला पाचशे. जाण्यायेण्याला तीनशे, कारण पहाटेचे काम असले की एस.टी. सापडत नाही आणि गाडी करावी लागते, नाहीतर २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धेच तिकीट आहे. खर्च झाला सतराशे, उरले चार हजार तीनशे. इव्हेंटवाल्याने पंचवीस टक्के, म्हणजे दीड हजार कापले तर उरतात अठ्ठावीसशे. त्यासाठी ती पहाटे पाचला घर सोडते आणि दुपारी दोनला परतते.

ती म्हणाली, "मग मी दर साडेसात हजार सांगते." आम्ही तोही हिशेब केला. साडेसात हजारांचे पंचवीस टक्के अठराशे पंचाहत्तर. सतराशे खर्च वजा जाता तिच्या हातात येतात तीन हजार नऊशे पंचवीस. म्हणजे नवरीच्या बापाने दीड हजार जास्त दिले आणि तरीही मुलीला स्वतःच्या सहा हजारांच्या कामापेक्षा पावणेचारशे कमीच मिळाले. तो बाप कोण असतो? जिनिंगमध्ये हमाली करणारा, वीटभट्टीवरचा, लग्नासाठी बचतगटाचे नाहीतर सावकाराचे पैसे काढलेला आपलाच माणूस असतो. त्याला न सांगता त्याच्या खिशातून निघालेले कमिशन आपल्या हातून जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

म्हणून तीन गोष्टी आम्ही तिला लिहून दिल्या. पहिली, दर सगळ्यांना एकच. कमिशन द्यायचे तर ते आपल्या वाट्यातून, आणि दहा टक्क्यांच्या वर नाही. सहा हजारांवर सहाशे गेले तरी तीन हजार सातशे उरतात आणि कुणाला फसवलेले नसते. घरच्यांनी विचारले तर हे सहाशे उघड सांगायचे. दुसरी, पैसे नवरीच्या घरून थेट आपल्या हातात. निम्मा इसार तारीख ठरवताना आणि उरलेले मेकअप पूर्ण झाल्यावर, नवरी मांडवात जाण्याआधी. कमिशन त्यानंतर आपण द्यायचे. पैसे इव्हेंटवाल्याच्याच हातून येणार असतील तर पूर्ण रक्कम आदल्या दिवशी, नाहीतर पेटी उचलायची नाही. तिसरी, तारीख, वेळ, गाव, रक्कम आणि किती जणींचा मेकअप एवढे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या मोबाइलवर पाठवायचे आणि "कबूल आहे" असे त्याचे उत्तर आल्याशिवाय तारीख धरायची नाही. "नवरीसोबत करवलीचाही करून द्या ना, ताई," हे मांडवात सुचते आणि त्याचे पैसे कुणीच देत नाही. चिठ्ठी असली की ते बोलायला जागा राहत नाही.

गावाचे नाव चिठ्ठीवर हवेच. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत आहे. चिखलीच्या मुलीला बुलढाणा, मेहकर हाताशी आहे, पण मलकापूर, नांदुऱ्याला घाट उतरून जायचे म्हणजे पहाट नव्हे, आदली रात्रच निघते. शिवाय मे महिन्यात घाटाखालच्या उन्हात मेकअप घाटावरच्यासारखा टिकत नाही. तिथे दुपारच्या लग्नाला थांबून दोनदा घाम टिपून द्यावा लागतो आणि त्याचा वेळ दरात धरावा लागतो. इव्हेंटवाला आपल्याला फक्त अशीच लांबची, अडनिड्या वेळेची लग्ने पाठवत असेल, तर जवळची कामे तो दुसरीला देतो आहे असे समजावे.

वही काय सांगते

शेवटची गोष्ट वहीची. आमच्या भगिनीच्या वहीत जमाखर्च होता, पण गिऱ्हाईक कुणी पाठवले हे नव्हते. आता तिने चार रकाने आखले आहेत: कुणी पाठवले, लग्न ठरले की नुसती विचारणा झाली, हातात किती उरले, आणि आपण त्याच्याकडे कुणाला पाठवले. सराई संपली की ही पाने वाचायची. एखाद्याकडून दहा जणी आल्या आणि दहाही जणींनी "कमी किती होतील?" एवढेच विचारले, तर तो आपले नाव 'स्वस्त' म्हणून सांगतो आहे. त्याला फोटो पुन्हा दाखवावेत, दर स्पष्ट सांगावा. ज्याच्या रकान्यात आपण चार पाठवले आणि त्याचे एकही आले नाही, त्याला एकदा विचारावे आणि मग गप्प थांबावे. आणि ज्याने दोनच पाठवले पण दोन्ही घरी मान राखून पैसे वेळेवर मिळाले, त्याच्याकडे दिवाळीला पेढे घेऊन जावे.

एक खबरदारी आम्हीही देतो. ज्याचे नाव आपण सांगतो त्याच्या चुकीचा ठपका आपल्यावर येतो. फोटोवाल्याने अल्बम सहा महिने रखडवला तर नवरीची आई जाब त्याला विचारत नाही, "तूच सांगितला होतास ना?" असे आपल्याला विचारते. म्हणून त्याचे एक तरी पूर्ण झालेले काम पाहिल्याशिवाय आणि त्या घरी विचारल्याशिवाय कुणाचेही नाव आपल्या वस्तीत सांगू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे पुढे काय झाले? फार मोठे काही नाही. ती दोन फोटोवाल्यांकडे गेली. एकाने कार्ड ठेवून घेतले आणि विसरला. दुसऱ्याने, कॅलेंडर पाहणाऱ्याने, सरावाचे फोटो काढले आणि एका मुहूर्ताच्या लग्नात तिचे नाव सांगितले. ते घर तिच्या नात्यातले नव्हते आणि समाजातलेही नव्हते. तिथे तिला सहा हजार मिळाले, इसारासह, आणि कुणी घासाघीस केली नाही. बुटीकवाल्या ताईंकडून तीन विचारणा आल्या, त्यातली एक ठरली. इव्हेंटवाल्याकडच्या सहा हजारांपैकी दोन हजार मिळाले आहेत, चार हजार बाकी आहेत. ते वहीच्या शेवटच्या पानावर तिने लाल शाईने लिहून ठेवले आहेत, पुन्हा चिठ्ठीशिवाय पेटी उचलू नये म्हणून.

आपल्या मुलींपैकी कुणी असा व्यवहार ठरवला असेल, जमला असेल किंवा फसला असेल, तर आम्हाला जरूर कळवावे. जयभीम.